बिनपगारी रजेचे चार हिशेब

नोकरीत राहून पगार न घेता दीर्घकाळ रजेवर जाणे म्हणजे बिनपगारी रजा. सरकारी नियमपुस्तकांत हिला ‘असाधारण रजा’ म्हणतात. जोडीदाराची परदेशी बदली, घरातले आजारपण, लहान मूल, उच्च शिक्षण अशी कारणे घेऊन कर्मचारी हिच्यासाठी अर्ज करतात. रजा मंजूर झाली की बहुतेकांना वाटते, पगार बुडेल पण बाकी सारे जिथल्या तिथे राहील. तसे होतेच असे नाही. रजेचा एकच काळ आस्थापनेच्या दप्तरात चार निरनिराळ्या हिशेबांना जातो: सेवेचे सातत्य, वेतनवाढ, ज्येष्ठता आणि ग्रॅच्युइटी. प्रत्येक हिशेबाचा नियम वेगळा आहे. म्हणून रजेचा काळ एका खात्यात पूर्ण मोजला जातो, दुसऱ्यात अजिबात मोजला जात नाही आणि तिसऱ्यात रजेच्या कारणावर अवलंबून राहतो.

येथे मुख्यतः केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे नियम घेतले आहेत. महाराष्ट्र शासनाचे रजा व वेतनाचे १९८१ चे नियम आणि निवृत्तिवेतनाचे १९८२ चे नियम यांचा सांगाडा बराचसा असाच आहे, मात्र तपशिलात फरक आहेत. खासगी नोकरीतील ग्रॅच्युइटीचा कायदा वेगळा असल्याने त्याचा विचार शेवटी स्वतंत्रपणे केला आहे.

सातत्य: रजा आणि गैरहजेरी

सेवेचे सातत्य टिकते की तुटते, हे पगार मिळतो की नाही यावर ठरत नाही. गैरहजेरीला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी आहे की नाही, यावर ते ठरते. मंजूर असाधारण रजेवर असलेला कर्मचारी सेवेतच असतो. निवृत्तिवेतनाच्या नियमांनुसार सेवेत खंड पडला, तर आधीची सेवा बुडते. पण मंजूर रजेचा काळ हा त्या अर्थाने खंड धरला जात नाही.

धोका असतो तो रजा संपल्यानंतरच्या दिवसांत. दोन वर्षांची रजा मंजूर आहे, मुदतवाढीचा अर्ज पाठवलेला आहे, पण त्यावर आदेश आलेला नाही आणि कर्मचारी हजरही झालेला नाही. अशा वेळी मुदत संपल्यानंतरचा काळ अनधिकृत गैरहजेरी ठरतो. त्यासाठी शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. मूळ नियम १७-अ नुसार तो काळ सेवेतला खंड धरला गेला, तर रजा प्रवास सवलत आणि खात्यांतर्गत परीक्षेची पात्रता यांसाठी लागणारी सलग सेवा तुटते. अर्ज पाठवणे म्हणजे मंजुरी मिळणे नव्हे. रजा हा हक्क नाही, असे केंद्रीय रजा नियम स्पष्ट म्हणतात. कामाच्या गरजेनुसार अधिकारी ती नाकारू शकतो, दिलेली रजा रद्दही करू शकतो.

लांब रजेला एक वरची मर्यादाही आहे. १९७२ च्या केंद्रीय रजा नियमांनुसार कोणतीही रजा, किंवा अनेक प्रकारच्या रजा जोडून, सलग पाच वर्षांहून अधिक काळ देता येत नाही. पाच वर्षांहून जास्त गैरहजर राहिलेल्या कर्मचाऱ्याने राजीनामा दिला असे मानले जाते, मात्र त्याआधी त्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. जो कर्मचारी कायम नाही, त्याच्यासाठी मर्यादा याहून बऱ्याच कडक आहेत. सामान्यतः त्याला एका वेळी तीन महिनेच असाधारण रजा मिळते. एक वर्षाची सलग सेवा झालेली असेल आणि वैद्यकीय प्रमाणपत्र असेल, तर सहा महिने मिळतात. गंभीर आजार आणि सार्वजनिक हिताचे ठरवले गेलेले शिक्षण यांसाठी ही मुदत आणखी वाढते. परिवीक्षा काळात असलेल्याने हे आधी पाहावे, कारण लांब रजेमुळे परिवीक्षा लांबू शकते आणि ती लांबली की कायम होण्याची तारीखही पुढे सरकते.

वेतनवाढ: कारण आणि तारखा

सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक परिणाम दिसतो तो वेतनवाढीवर. मूळ नियम २६ चा गाभा असा आहे: पगारी रजा वेतनवाढीसाठी मोजली जाते. असाधारण रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेतलेली असेल, तर तीही मोजली जाते. वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतलेली असाधारण रजा मात्र मोजली जात नाही. याला दोनच महत्त्वाचे अपवाद आहेत. दंगलीसारख्या नागरी अशांततेमुळे हजर होणे शक्य झाले नाही, किंवा रजा उच्च शास्त्रीय अथवा तांत्रिक शिक्षणासाठी घेतली, तर तसा आदेश काढून तो काळ मोजता येतो. जोडीदारासोबत परदेशी राहणे, मुलांचे संगोपन, घराचे बांधकाम ही कारणे कितीही खरी असली, तरी या अपवादांत बसत नाहीत.

यात कर्मचाऱ्यांच्या सहसा ध्यानात न येणारी एक गोष्ट आहे. वार्षिक वेतनवाढीसाठी त्या वर्षात किमान सहा महिन्यांची मोजण्याजोगी सेवा लागते. केंद्र सरकारच्या २०१० च्या ज्ञापनानुसार, १ जुलै ते पुढच्या ३० जून या वर्षात वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतलेल्या असाधारण रजेमुळे मोजण्याजोगी सेवा सहा महिन्यांपेक्षा कमी भरली, तर वेतनवाढ पुढच्या वर्षीच्या १ जुलैवर जाते. सेवा सहा महिने किंवा अधिक भरली, तर ती वाढ टिकते. त्यामुळे रजा किती महिन्यांची आहे याइतकेच ती कोणत्या तारखेला सुरू होते आणि कोणत्या तारखेला संपते, यालाही महत्त्व येते.

उदाहरणादाखल एका टपाल सहायक महिलेचा हिशेब मांडता येईल. ती १५ जुलै २०१७ रोजी थेट भरतीने वेतनस्तर ४ मध्ये रुजू झाली, तेव्हा तिचे मूळ वेतन २५,५०० रुपये होते. तिची वेतनवाढ दर १ जुलैला येते. तक्त्याप्रमाणे एकेक पायरी चढत १ जुलै २०२३ रोजी तिचे मूळ वेतन ३०,५०० रुपये झाले. पतीची परदेशी बदली झाल्याने तिने दोन वर्षांची असाधारण रजा घेतली. कारण वैयक्तिक आहे, वैद्यकीय नाही.

समजा, रजा १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू होऊन ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षात तिची मोजण्याजोगी सेवा जुलै ते सप्टेंबर अशी तीनच महिने भरते, म्हणून २०२४ ची वाढ गेली. जुलै २०२४ ते जून २०२५ हे वर्ष पूर्ण रजेत गेले, म्हणून २०२५ ची वाढही गेली. १ ऑक्टोबर २०२५ ला हजर झाल्यावर पुढच्या जूनपर्यंत नऊ महिने भरतात आणि १ जुलै २०२६ ला तिचे वेतन ३१,४०० रुपये होते. रजा घेतली नसती तर त्या दिवशी ते ३३,३०० रुपये असते. दोन पायऱ्या हुकल्या.

आता तीच दोन वर्षांची रजा १ जानेवारी २०२४ ते ३१ डिसेंबर २०२५ अशी घेतली असे धरू. जुलै ते डिसेंबर २०२३ हे सहा महिने भरतात, म्हणून २०२४ ची वाढ टिकते. ती रजेच्या काळात देय झाल्यामुळे तिचा प्रत्यक्ष लाभ हजर झाल्यावर मिळतो. २०२५ ची वाढ हुकते. हजर झाल्यावर जानेवारी ते जून २०२६ हे सहा महिने भरतात आणि १ जुलै २०२६ ला वेतन ३२,३०० रुपये होते. रजा तेवढीच, पगाराचे नुकसानही तेवढेच, पण या वेळी हुकली ती एकच पायरी. हुकलेली पायरी पुढे आपोआप भरून निघत नाही. पुढच्या प्रत्येक महिन्याच्या मूळ वेतनात, त्यावरच्या महागाई भत्त्यात आणि निवृत्तीच्या वेळच्या शेवटच्या वेतनात ती कमीच राहते.

सातव्या वेतन आयोगानंतर वेतनवाढीच्या १ जानेवारी आणि १ जुलै अशा दोन तारखा झाल्या आहेत. एकाला त्यांतली एकच तारीख लागू होते आणि ती नेमणूक किंवा पदोन्नती कधी झाली त्यावर ठरते. १ जानेवारीची वाढ असलेल्याचा सहा महिन्यांचा हिशेब त्याच्या तारखेपासून मागे मोजावा लागतो. म्हणून रजेच्या तारखा ठरवण्याआधी आपली वेतनवाढीची तारीख कोणती आणि एखादी वाढ हुकलीच तर पुढची कधी मिळेल, हे आस्थापना शाखेकडून लेखी घेतलेले बरे.

वेतनवाढीबरोबर आणखी एक लहान कपात होते. अर्जित रजा दर १ जानेवारी व १ जुलैला १५-१५ दिवस खात्यात जमा होते. मागच्या सहामाहीत जितके दिवस असाधारण रजा घेतली असेल, त्याचा एक दशांश भाग या जमेतून वजा होतो आणि ही वजावट १५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. पूर्ण सहामाही रजेत गेली, तर त्यानंतरची जमा शून्य होते. निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंत अर्जित रजेचे रोखीकरण होते, त्यामुळे ज्याची शिल्लक आधीच कमी आहे, त्याला ही वजावट जाणवते.

ज्येष्ठता: जागा टिकते, संधी हुकू शकते

सरकारी सेवेत ज्येष्ठता ठरते ती भरतीच्या गुणवत्ता यादीवरून किंवा पदोन्नतीच्या निवड यादीतील क्रमावरून. हजेरीचे दिवस मोजून ती ठरत नाही. म्हणून मंजूर असाधारण रजेने ज्येष्ठता यादीतील क्रम खाली जात नाही. वरील उदाहरणातली टपाल सहायक दोन वर्षांनी परतली, तरी तिच्या तुकडीतल्या सहकाऱ्यांमध्ये तिचा क्रम तोच राहतो.

फरक पडतो तो पदोन्नतीच्या प्रत्यक्ष प्रक्रियेत. रजेवर असलेल्याच्या नावाचा विचार विभागीय पदोन्नती समिती करते. पण पदोन्नतीचे वेतन नव्या पदाचा कार्यभार घेतल्यापासूनच मिळते आणि रजेवर असताना कार्यभार घेता येत नाही. आदेश निघूनही कर्मचारी वेळेत हजर झाला नाही, तर पदोन्नती पुढे ढकलली जाऊ शकते किंवा ती नाकारली असे धरले जाऊ शकते. दुसरा प्रश्न गोपनीय अहवालांचा. प्रतिवेदन अधिकाऱ्याने किमान तीन महिने काम पाहिलेले असेल तरच तो अहवाल लिहू शकतो. रजेच्या वर्षात अहवालच नसतो. अशा वेळी समिती त्याआधीच्या वर्षांचे अहवाल पाहते. त्यामुळे रजेपूर्वीचा एखादा सुमार अहवाल पुन्हा विचारात येतो. रजेवर जाण्याआधी आपले जुने अहवाल पाहून घेण्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

एकच रजा दोन खात्यांत कशी वेगवेगळी धरली जाते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सुधारित आश्वासित प्रगती योजनेत दिसते. केंद्रीय कर्मचाऱ्यांना १०, २० आणि ३० वर्षांच्या नियमित सेवेनंतर या योजनेखाली वरचा वेतनस्तर मिळतो. २००९ मध्ये निघालेल्या या योजनेच्या अटींत नियमित सेवेची व्याख्या करताना सक्षम अधिकाऱ्याने मंजूर केलेल्या सर्व प्रकारच्या रजांचा काळ त्यात धरला आहे. म्हणजे टपाल सहायकाच्या दोन वर्षांच्या रजेमुळे वेतनवाढी हुकल्या, पण तिची दहा वर्षे ठरल्या दिवशीच, १५ जुलै २०२७ रोजी पूर्ण होतील. त्यानंतर वरचा स्तर मिळण्यासाठी अहवालांचा ठरलेला दर्जा मात्र लागेल. अट एकच: रजा मंजूर असली पाहिजे. अनधिकृत गैरहजेरीचे दिवस या दहा वर्षांत मोजले जात नाहीत.

खासगी कंपन्यांत ज्येष्ठतेचा असा सर्वसाधारण नियम नाही. कामगारांच्या बाबतीत ती स्थायी आदेश, करार आणि पूर्वीची वहिवाट यांवरून ठरते. अधिकारी वर्गाची पदोन्नती बहुधा वार्षिक कामगिरीच्या मूल्यांकनावरच चालते आणि रजेच्या वर्षात मूल्यांकन नसले की त्या वर्षीची पगारवाढही सुटते. तिथे रजेच्या पत्रात यासंबंधी लिहून घेतलेले वाक्य हाच काय तो आधार.

ग्रॅच्युइटी: सरकारी सेवेतला हिशेब

सरकारी सेवेत निवृत्ती उपदान अर्हताकारी सेवेवर मोजतात. अर्हताकारी सेवा म्हणजे एकूण सेवेतून न मोजले जाणारे काळ वजा करून उरलेली सेवा. इथेही वेतनवाढीसारखीच वाटणी आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रावरील असाधारण रजा अर्हताकारी सेवेत धरली जाते. वैयक्तिक कारणासाठी घेतलेली धरली जात नाही. नागरी अशांतता आणि उच्च शिक्षण यांचा अपवाद इथेही आहे, पण तो काळ मोजण्याचा निर्णय रजा मंजूर करतानाच नोंदवला जावा, अशी अपेक्षा असते.

उपदानाचा दर असा: अर्हताकारी सेवेच्या प्रत्येक पूर्ण सहामाहीमागे शेवटच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या एक चतुर्थांश रक्कम. कमाल मर्यादा साडेसोळा महिन्यांचे वेतन, आणि १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख रुपये. सेवेचे सुटे महिने तीन किंवा अधिक असतील, तर त्यांची एक पूर्ण सहामाही धरतात. सेवेत किमान पाच अर्हताकारी वर्षे लागतात.

टपाल सहायक तीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाली असे धरले, तर रजा नसती तेव्हा ६० सहामाह्या, म्हणजे १५ महिन्यांच्या वेतनाइतके उपदान मिळाले असते. दोन वर्षांची वैयक्तिक रजा वजा झाल्यावर २८ वर्षे, ५६ सहामाह्या आणि १४ महिन्यांचे वेतन उरते. रजेच्या दर दोन वर्षांमागे एका महिन्याचे वेतन कमी, असा सरळ हिशेब निघतो. शिवाय हुकलेल्या पायरीमुळे शेवटचे वेतनही थोडे कमी असते. सेवा फार दीर्घ असेल तेव्हा मात्र काहीच फरक पडत नाही. साडेसोळा महिन्यांची मर्यादा ३३ वर्षांत पूर्ण होते. एकूण ३६ वर्षे सेवा झालेल्याने दोन वर्षे रजा घेतली, तरी ३४ वर्षे उरतात आणि त्याचे उपदान पूर्ण राहते. उलट, उशिरा नोकरीला लागलेल्याची पाच वर्षांची किमान अट किंवा जुन्या योजनेतील निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची अट काठावर असेल, तर काही महिन्यांची वैयक्तिक रजाही तो हक्क घालवू शकते.

या हिशेबाचा आधार म्हणजे सेवापुस्तकातील नोंद. रजा कोणत्या प्रकारची, वैद्यकीय प्रमाणपत्रावर की त्याशिवाय, आणि अर्हताकारी की नाही, हे तिथे त्या-त्या वेळीच लिहिले गेले पाहिजे. ‘असाधारण रजा’ एवढीच नोंद असेल, तर वीस वर्षांनी निवृत्तीची कागदपत्रे तयार होताना वाद निर्माण होतो, आणि तोवर प्रमाणपत्राची प्रत शोधणे अवघड झालेले असते.

ग्रॅच्युइटी: खासगी नोकरीत

खासगी कारखाने, कंपन्या आणि दुकानांसाठीचे नियम १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातून आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ते ग्रॅच्युइटीच्या प्रकरणात समाविष्ट झाले आहेत. सलग सेवेची कल्पना तीच राहिली आहे. या कल्पनेमागे सोलापूरचा एक खटला आहे. लक्ष्मी विष्णू टेक्स्टाइल मिल्सच्या कामगारांच्या दाव्यात ११ फेब्रुवारी १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, रजेशिवाय गैरहजर राहिल्यामुळे ज्या वर्षी कायम कामगाराचे २४० दिवस प्रत्यक्ष काम भरले नाही, ते वर्ष ग्रॅच्युइटीसाठी धरता येणार नाही. त्यानंतर १९८४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि ती निकालाच्या तारखेपासूनच लागू केली.

या दुरुस्तीने सलग सेवेची व्याख्या अशी झाली: आजारपण, अपघात, रजा, टाळेबंदी, संप यांमुळे काम थांबले तरी सेवा सलगच राहते. रजेशिवायची गैरहजेरीही सेवा तोडत नाही, मात्र मालकाने स्थायी आदेश किंवा नियमांनुसार ती गैरहजेरी खंड ठरवणारा आदेश काढलेला असला, तर गोष्ट वेगळी. २४० दिवसांची कसोटी लागते ती या व्याख्येत सेवा सलग ठरत नसेल तेव्हा. आठवड्याला सहापेक्षा कमी दिवस काम असलेल्या आस्थापनेत किंवा खाणीच्या पोटातील कामात ही कसोटी १९० दिवसांची आहे.

मंजूर बिनपगारी रजा ही रजाच आहे. त्यामुळे रजेच्या वर्षी २४० दिवस भरले नाहीत, एवढ्या कारणाने ते वर्ष वगळणे या व्याख्येशी जुळत नाही. तरीही मनुष्यबळ विभागात असा हिशेब केलेला आढळतो, म्हणून तो आकड्यांत पाहिलेला बरा. एका कर्मचाऱ्याने १ जून २०१२ ला नोकरी धरली, मध्ये एक वर्ष मंजूर बिनपगारी रजा घेतली आणि ३१ मे २०२६ ला नोकरी सोडली. शेवटचे मासिक वेतन ३९,००० रुपये. दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, आणि महिना २६ दिवसांचा धरतात. ३९,००० भागिले २६ गुणिले १५ म्हणजे वर्षाला २२,५०० रुपये. चौदा वर्षांचे ३,१५,००० रुपये होतात. कंपनीच्या पत्रात २,९२,५०० रुपये आले, तर रजेचे वर्ष वगळले हे ओळखता येते. अशा वेळी रजेचा मंजुरी आदेश दाखवून फरक मागता येतो. तरीही वाद मिटला नाही, तर कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

खासगी नोकरीत खरा धोका असतो तो रजेचे रूपांतर राजीनाम्यात होण्याचा. ‘आत्ता राजीनामा द्या, परत आलात की घेऊ’ अशी तोंडी व्यवस्था झाली, तर सेवा तिथेच संपते. परतल्यावर मिळणारे नवे नियुक्तिपत्र नवी सेवा सुरू करते. आधीची चार वर्षे आणि नंतरची चार वर्षे मिळून आठ होत नाहीत. कायम कर्मचाऱ्यासाठी दोन्ही तुकडे पाच वर्षांहून लहान असले, तर ग्रॅच्युइटीचा हक्कच उरत नाही. मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर पाच वर्षांची अट लागत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात हा प्रकार लगेच उमटतो. रजेच्या काळात वर्गणी न आलेले दिवस त्या नावाने दाखवले जाणे योग्य आहे, मात्र ते निवृत्तिवेतन योजनेच्या सेवेतून वजा होतात. पण खात्यात ‘नोकरी सोडल्याची तारीख’ भरली गेली असेल, तर कंपनीच्या दप्तरी सेवा संपलेली आहे असे समजावे आणि ती नोंद ताबडतोब दुरुस्त करून घ्यावी.

कारखान्यांच्या अनेक स्थायी आदेशांत रजा संपल्यापासून आठ दिवसांत हजर न झाल्यास नोकरीवरचा हक्क जातो, असे कलम असते. केवळ या कलमाच्या आधारे, म्हणणे ऐकून न घेता नाव कमी करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डी. के. यादव खटल्यात १९९३ मध्ये दिला. तो बचावाचा आधार आहे खरा, पण तो मिळवायला खटला लढावा लागतो. मुदतवाढीचा आदेश वेळेत हातात असणे त्यापेक्षा सोपे.

अर्जापूर्वी पक्के करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट रजेचे कारण. वैद्यकीय कारण असेल, तर ते अर्जात लिहावे, प्रमाणपत्र जोडावे आणि मंजुरी आदेशात ‘वैद्यकीय प्रमाणपत्रावर’ हे शब्द आले आहेत का ते पाहावे. वेतनवाढ आणि उपदान हे दोन्ही हिशेब या दोन शब्दांवर फिरतात. दोन वर्षांपैकी काही महिने खरोखर आजारपणाचे असतील, तर तेवढा भाग वेगळा दाखवून प्रमाणपत्रासह मंजूर करून घेता येतो. एका प्रकारच्या रजेचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करायचे असल्यास केंद्रीय नियमांनुसार रजा संपून हजर झाल्यावर ३० दिवसांत तसा अर्ज करावा लागतो. त्यानंतर जुनी रजा बदलून घेण्याची आशा धरू नये.

दुसरी गोष्ट रजेचा प्रकार. खात्यावर अर्जित किंवा अर्धपगारी रजा शिल्लक असेल, तर आधी ती घ्यावी की नाही, याचा विचार करावा. ती पगारी असल्याने वेतनवाढ आणि उपदान दोन्हींसाठी मोजली जाते. कर्मचाऱ्याने मागितलेल्या आणि देय असलेल्या रजेचा प्रकार अधिकारी स्वतःहून बदलू शकत नाही, त्यासाठी कर्मचाऱ्याची लेखी विनंती लागते. तसेच दुसरी रजा शिल्लक असूनही असाधारण रजा हवी असेल, तर तशी लेखी मागणी करावी लागते.

तिसरी गोष्ट तारखा. वेतनवाढीचे वर्ष समोर ठेवून रजेच्या आधीचे आणि नंतरचे महिने सहा भरतात का, हे मोजावे. काही दिवसांनी आरंभ किंवा शेवट सरकवून एक वाढ वाचत असेल, तर ते अर्ज करण्यापूर्वीच करता येते. रजा संपण्याआधी मुदतवाढ लागणार असेल, तर अर्ज इतका आधी द्यावा की नकार आला तरी वेळेत हजर होता येईल.

चौथी गोष्ट रजेतले काम. रजेच्या काळात दुसरी नोकरी किंवा व्यवसाय करण्यासाठी सरकारी कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगी लागते. परदेशी जोडीदारासोबत गेलेल्याने तिथे नोकरी धरली आणि परवानगी घेतली नाही, तर रजा मंजूर असूनही शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. खासगी कंपन्यांच्या नियुक्तिपत्रांतही बहुधा असे बंधन असते.

पाचवी गोष्ट आदेशाचा मजकूर. कोणत्या अधिकाऱ्याला किती काळाची रजा मंजूर करण्याचा अधिकार आहे, हे आधी विचारावे, कारण अधिकार नसलेल्याची मंजुरी नंतर टिकत नाही. आदेशात नियमाचा क्रमांक, रजेचा प्रकार, पहिली आणि शेवटची तारीख, हजर होण्याचे ठिकाण आणि तो काळ वेतनवाढीसाठी व अर्हताकारी सेवेसाठी मोजला जाईल की नाही, हे असावे. खासगी नोकरीत ‘ही रजा सेवेत खंड न धरता मंजूर केली आहे आणि ग्रॅच्युइटीसाठी सेवा सलग राहील’ अशा आशयाचे वाक्य पत्रात घ्यावे. केवळ तोंडी होकार किंवा संगणकीय रजाप्रणालीत हिरवी झालेली चौकट पुरेशी नाही.

हजर झाल्यावर काम उरते ते तीन नोंदींचे. रुजू अहवालाची पोच, सेवापुस्तकातील रजेची नोंद आणि पुढच्या १ जुलै किंवा १ जानेवारीला निघणारे वेतन निश्चितीचे पत्रक. तिन्ही एकमेकांशी जुळत असतील, तर रजेचा हिशेब तिथेच पूर्ण होतो. न जुळल्यास आक्षेप त्याच वर्षी नोंदवावा, कारण तोवर आदेश काढणारा अधिकारी आणि मूळ कागद दोन्ही त्याच कार्यालयात असतात.